विधेयकाचा कायदा कसा होतो? आपल्याच भूसंपादन कायद्याच्या वाटेने समजून घ्या

शेंद्रा : मोबाईलवर मेसेज येतो, 'सरकारने नवा कायदा केला, जमिनीला आता चारपट पैसे'. दुसऱ्या दिवशी दुसरा मेसेज, 'कायदा रद्द, जुनाच भाव'. शेंद्रा, करमाड, बिडकीन या पट्ट्यात जमिनीच्या बाबतीत असले मेसेज वर्षानुवर्षं फिरत आलेत. ते सगळेच खोटे असतात असं नाही. बऱ्याचदा विधेयक नुसतं मांडलेलं असतं, पण बातमी 'कायदा झाला' अशी पसरते. कधी वटहुकूम असतो आणि लोक त्यालाच कायमचा कायदा समजून बसतात.

म्हणून विधेयकाचा कायदा कसा होतो ते पुस्तकी भाषेत सांगण्यापेक्षा आपल्या कामाचा एकच कायदा धरू आणि त्याच्या मागे चालत जाऊ. तो म्हणजे २०१३ चा भूसंपादन कायदा. हा कायदा संसदेत सगळ्या पायऱ्या चढून पास झाला. दोन वर्षांनी तोच बदलायला आणलेलं विधेयक मात्र अर्ध्या वाटेत अडकून मेलं. आणि जे दिल्लीत अडकलं, त्यातलं बरंचसं पुढे मुंबईमार्गे आपल्याकडे आलं. तीनही वाटा बघितल्या की कायदा कसा होतो हे लक्षात राहतं.

आधी काय होतं?

२०१३ पर्यंत देशात जमीन घ्यायचा मुख्य कायदा होता १८९४ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. सरकारने 'सार्वजनिक प्रयोजन' म्हटलं की जमीन गेली. शेतकऱ्याला हरकत घेता यायची, पण त्याची संमती कोणी विचारत नसे.

हा कायदा बदलायचा एक प्रयत्न आधी होऊन फसला होता. २००७ मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं, फेब्रुवारी २००९ मध्ये लोकसभेने ते मंजूरही केलं. पण राज्यसभेत ते राहून गेलं आणि तेवढ्यात निवडणुका लागल्या. लोकसभा विसर्जित झाली की लोकसभेत पडून असलेली विधेयकं मरतात, आणि लोकसभेने मंजूर करून राज्यसभेत पडून असलेलीही मरतात. नव्या लोकसभेला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. त्यामुळे 'लोकसभेत पास झालं' म्हणजे काम झालं, असं समजू नये. ती अर्धीच वाट असते.

पहिली पायरी : मसुदा आणि मांडणी

विधेयक म्हणजे कायद्याचा प्रस्ताव. ते मंत्री मांडू शकतो, तसंच साधा खासदारही मांडू शकतो. खासदाराच्या विधेयकाला 'खाजगी विधेयक' म्हणतात, पण ते पास होणं फार क्वचित घडतं. खरं काम चालतं ते सरकारी विधेयकांवर. संबंधित खातं मसुदा करतं, कायदा खातं त्याची भाषा तपासतं, मंत्रिमंडळ मंजुरी देतं, मग ते सभागृहात येतं.

भूसंपादनाचा मसुदा केंद्राच्या ग्रामविकास खात्याने केला. तेव्हा मंत्री होते जयराम रमेश. जुलै २०११ मध्ये मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला आणि ७ सप्टेंबर २०११ ला विधेयक लोकसभेत मांडलं. मांडण्याच्या दिवशी सहसा चर्चा होत नाही. मंत्री परवानगी मागतो, सभागृह देतं, विधेयकाला नंबर पडतो. यालाच पहिलं वाचन म्हणतात. टीव्हीवर 'विधेयक सादर' अशी पट्टी दिसते ती या दिवसाची. या दिवशी तुमच्या सातबाऱ्यावर त्याचा काडीचाही परिणाम झालेला नसतो.

दुसरी पायरी : समिती, जिथे खरी छाननी होते

सभागृहातला गोंधळ आपल्याला दिसतो, पण बारीक काम होतं ते समितीत. हे विधेयक ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. समितीत दोन्ही सभागृहांचे आणि सगळ्या पक्षांचे खासदार असतात. सरकार काँग्रेस आघाडीचं होतं, पण या समितीच्या अध्यक्ष होत्या भाजपच्या सुमित्रा महाजन, मूळच्या चिपळूणच्या आणि इंदूरच्या खासदार. विरोधी पक्षाच्या खासदाराने सरकारचं विधेयक तपासायचं, ही संसदेच्या कामाची रीतच आहे.

समिती लोकांकडून लेखी सूचना मागवते. संघटना, राज्य सरकारं, उद्योगवाले, अधिकारी यांना बोलावून ऐकते. मे २०१२ मध्ये समितीने अहवाल दिला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक म्हणजे समितीचं म्हणणं होतं की खाजगी कंपनीसाठी सरकारने जमीन घेऊच नये, कंपनीला हवी असेल तर तिने स्वतः विकत घ्यावी. दुसरी म्हणजे रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग असे वेगवेगळे कायदे या विधेयकातून वगळले होते, त्याला समितीने हरकत घेतली. महामार्गासाठी गेलेली जमीनही शेतकऱ्याचीच असते, मग त्याला वेगळा न्याय का, असा तो मुद्दा.

पहिली गोष्ट सरकारने मानली नाही. दुसरी अर्धवट मानली. समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. पण तो छापील कागद असतो, सगळ्यांना वाचायला मिळतो, आणि तो टाळताना सरकारला कारण द्यावं लागतं. लोकांना विधेयकात हात घालायला जागा असते ती इथेच. एकदा ते मतदानाला गेलं की आपल्या हातात काही राहत नाही.

तिसरी पायरी : कलमवार चर्चा आणि मतदान

समितीनंतर सरकारने दीडशेच्या आसपास दुरुस्त्या आणल्या. विधेयकाचं नावही बदललं. २०११ च्या मसुद्यात खाजगी कंपनी असो की सरकार-कंपनी भागीदारीचा प्रकल्प, दोन्हीसाठी ८० टक्के कुटुंबांची संमती लागणार होती. शेवटी खाजगी कंपनीसाठी ८० टक्के राहिली आणि भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्क्यांवर आली. संपूर्ण सरकारी कामासाठी संमतीची अट नाही. विधेयक मांडलं तेव्हा एक असतं आणि पास होतं तेव्हा दुसरंच असू शकतं, याचं हे उदाहरण. म्हणून जुना मसुदा वाचून भांडायला जाऊ नये.

दुसऱ्या वाचनात आधी विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते, मग एकेक कलम घेऊन मत होतं. शेवटी तिसरं वाचन, म्हणजे पूर्ण विधेयक मंजूर की नामंजूर. लोकसभेने २९ ऑगस्ट २०१३ ला हे विधेयक २१६ विरुद्ध १९ मतांनी मंजूर केलं.

आता कोणी म्हणेल, लोकसभेत तर ५४३ मतदारसंघांचे खासदार, मग २१६ मध्ये बहुमत कसं? साध्या विधेयकाला सभागृहात हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. फक्त एकूण सदस्यांच्या दहावा हिस्सा तरी हजर पाहिजेत. आपला खासदार त्या दिवशी सभागृहात होता का, हे म्हणूनच महत्त्वाचं. गैरहजर खासदार ना बाजूचा, ना विरोधाचा. बऱ्याच वेळा तर मतं मोजतच नाहीत, 'हो' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा की 'नाही' म्हणणाऱ्यांचा यावर निकाल लागतो. त्याला आवाजी मतदान म्हणतात. कोणी आग्रहाने मतविभागणी मागितली तरच आकडे नोंदले जातात.

चौथी पायरी : दुसरं सभागृह

विधेयक राज्यसभेत गेलं. ४ सप्टेंबर २०१३ ला राज्यसभेने ते १३१ विरुद्ध १० मतांनी मंजूर केलं, पण काही दुरुस्त्या करून. आता दोन सभागृहांचे मजकूर वेगळे झाले. कायदा होण्यासाठी दोघांनी एकच मजकूर मंजूर करावा लागतो. म्हणून विधेयक परत लोकसभेत आलं आणि ५ सप्टेंबरला लोकसभेने त्या दुरुस्त्या मान्य केल्या.

मान्य केल्या नसत्या तर? मग राष्ट्रपती दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावू शकतात. तिथे सगळे एकत्र बसून मत देतात आणि लोकसभेचे खासदार जास्त असल्याने पारडं तिकडे झुकतं. आजवर अशी बैठक होऊन फक्त तीन विधेयकं पास झालीत. १९६१ चा हुंडाबंदीचा कायदा त्यातलाच. अर्थविधेयकाचं मात्र वेगळं आहे. पैशाच्या विधेयकावर राज्यसभेला फक्त १४ दिवस मिळतात, तिने केलेल्या सूचना लोकसभेने मानल्याच पाहिजेत असं नाही.

पाचवी पायरी : सही, गॅझेट आणि लागू होण्याची तारीख

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून बघू. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी २६ सप्टेंबर २०१३ ला सही केली. राष्ट्रपती सही नाकारू शकतात किंवा फेरविचारासाठी विधेयक एकदा परत पाठवू शकतात. पण संसदेने ते पुन्हा मंजूर करून पाठवलं तर सही द्यावीच लागते. सही झाली की विधेयकाचा 'अधिनियम' होतो, त्याला नवा नंबर मिळतो. हा झाला २०१३ चा अधिनियम क्रमांक ३०. मग तो राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये छापला.

तरीही त्या दिवशी तो लागू नव्हता. कायद्यातच लिहिलं होतं की केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवेल त्या तारखेपासून तो लागू होईल. ती तारीख ठरली १ जानेवारी २०१४. म्हणजे संसदेची मंजुरी, राष्ट्रपतींची सही आणि अंमल, या तीन गोष्टी तीन वेगळ्या तारखांना झाल्या. ज्याची जमीन त्या मधल्या काळात जात होती, त्याच्यासाठी कुठली तारीख धरायची हा लाखोंचा प्रश्न होता. या तारखांवरून कोर्टात पुष्कळ भांडणं झाली.

कायदा झाला, पण भाव कोणी ठरवला?

आता 'चारपट'ची गोष्ट. कायद्यात 'चारपट' असा शब्द नाही. कायदा म्हणतो : आधी बाजारभाव काढा, ग्रामीण भागात त्याला १ ते २ मधल्या गुणकाने गुणा, आणि येईल त्या रकमेवर तेवढीच, म्हणजे १०० टक्के, दिलासा रक्कम द्या. समजा एखाद्या जमिनीचा बाजारभाव एकरी १० लाख निघाला. गुणक २ असेल तर झाले २० लाख, त्यावर दिलासा २० लाख, एकूण ४० लाख. गुणक १ असेल तर १० आणि १०, एकूण २० लाख. एकाच कायद्यात, एकाच शिवारात, निम्म्याचा फरक. झाडं, विहीर, घर याचं वेगळं.

हा गुणक संसद ठरवत नाही. तो राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं आणि बदलूही शकतं. त्यासाठी ना लोकसभा लागते ना विधानसभेत मतदान. असे नियम आणि अधिसूचना कायद्याखालीच निघतात. कायदा पास झाला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी ही बारीक अक्षरं वाचलेली नसतात. आमच्या मते शेतकऱ्याने कायद्याइतकंच लक्ष या अधिसूचनांवर ठेवायला पाहिजे, कारण त्या गाजावाजा न होता निघतात.

अडकलेलं विधेयक : २०१५ ची गोष्ट

२०१४ मध्ये सरकार बदललं. नव्या सरकारचं म्हणणं होतं की संमती आणि गावावर होणाऱ्या परिणामांचा आधी करायचा अभ्यास यामुळे प्रकल्प रखडतात. संसदेचं अधिवेशन नसताना ३१ डिसेंबर २०१४ ला वटहुकूम काढला. पाच प्रकारच्या कामांना या अटींतून सूट देण्याची सोय त्यात होती : संरक्षण, ग्रामीण पायाभूत सुविधा, परवडणारी घरं, पायाभूत प्रकल्प आणि औद्योगिक कॉरिडॉर. शेवटचा शब्द आपल्या पट्ट्याचा. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्र दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्येच मोडतं.

वटहुकूम हा कायद्याइतकाच चालतो, पण तो उसनवारीचा असतो. संसद बसली की सहा आठवड्यांत दोन्ही सभागृहांनी मंजुरी दिली नाही तर तो संपतो. अधिवेशन २३ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी ग्रामविकास मंत्री चौधरी बिरेंद्र सिंह यांनी विधेयक मांडलं, १० मार्चला लोकसभेने काही दुरुस्त्यांसह मंजूरही केलं. लोकसभेत सरकारला बहुमत होतं, राज्यसभेत नव्हतं. तिथे विधेयक मतदानाला आलंच नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला वटहुकूम संपणार होता. दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असेल तर नवा काढता येत नाही. म्हणून राज्यसभेचं सत्र संपवलं आणि ३ एप्रिलला दुसरा वटहुकूम काढला. तिसरा ३० मे ला. मध्ये मे महिन्यात नवं विधेयक मांडून ते एस. एस. अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखालच्या ३० खासदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं. देशभर शेतकरी संघटनांचा विरोध चालूच होता. शेवटी सरकारने चौथा वटहुकूम न काढण्याचं ठरवलं आणि ३१ ऑगस्ट २०१५ ला तिसरा आपोआप संपला. संयुक्त बैठकीचा रस्ता सरकारने वापरला नाही. विधेयक पडून राहिलं आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा मेलं. २०१३ चाच कायदा कायम राहिला.

एक चांगली गोष्ट मात्र टिकली. वटहुकूम संपायच्या आधी, २८ ऑगस्ट २०१५ ला, केंद्राने आदेश काढून राष्ट्रीय महामार्गासह १३ केंद्रीय कायद्यांखाली जाणाऱ्या जमिनीलाही २०१३ च्या कायद्याप्रमाणे मोबदला लागू केला. समितीने २०१२ मध्ये घेतलेली हरकत अशी तीन वर्षांनी कामाला आली.

मुंबईमार्गे आलेली वाट

जमीन संपादन हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. दोघांत विरोध आला तर केंद्राचा कायदा चालतो. पण राज्याने आपलं विधेयक राष्ट्रपतींकडे पाठवून संमती मिळवली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. घटनेच्या २५४ व्या कलमात ही सोय आहे.

राज्यात विधेयकाची वाट साधारण तशीच. आपल्याकडे विधानसभेत २८८ आमदार आणि विधान परिषदेत ७८. पण परिषद राज्यसभेसारखी अडवू शकत नाही, ती फक्त उशीर करू शकते : आधी तीन महिने, विधानसभेने पुन्हा मंजूर केलं तर आणखी एक महिना. दोघांची संयुक्त बैठक राज्यात नसते. मग राज्यपालांकडे. राज्यपाल सही करतात, परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. राष्ट्रपतींकडे गेलेल्या विधेयकाला मुदतीचं बंधन घटनेत लिहिलेलं नाही.

गुजरात, तेलंगणासारख्या राज्यांनी हा रस्ता धरला. महाराष्ट्राने २०१८ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने २०१३ च्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. संसदेत जी सूट अडकली होती, तिच्याशी मिळतीजुळती सूट औद्योगिक क्षेत्रं आणि कॉरिडॉरसह काही प्रकल्पांना देण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. शिवाय एमआयडीसीचा १९६१ चा कायदा आणि राज्याचे आणखी काही कायदे वेगळ्या परिशिष्टात टाकले. त्याखाली जमीन घेताना २०१३ ची पूर्ण पद्धत लागू नाही, मात्र मोबदल्याच्या तरतुदी अधिसूचनेने लागू करायची सोय ठेवली. दिल्लीत रान पेटलं होतं तेवढी चर्चा या दुरुस्तीची गावात झाली नाही.

मेसेज आला तर काय बघायचं?

आधी शब्द बघा : विधेयक, वटहुकूम की अधिनियम. विधेयकाचं काय झालं, मांडलं की समितीत की पास, हे sansad.in वर दिसतं. राज्याच्या विधेयकासाठी mls.org.in. अधिनियम असेल तर त्याला वर्ष आणि क्रमांक असतो आणि तो केंद्राच्या egazette.gov.in वर छापलेला असतो. पूर्ण कायदा दुरुस्त्यांसह indiacode.nic.in वर वाचता येतो. त्यात पहिलंच कलम उघडा, तिथे कायदा कधीपासून लागू ते लिहिलेलं असतं. 'शासन ठरवेल त्या दिनांकापासून' असं असेल तर त्या तारखेची अधिसूचना शोधा. ती निघाली नसेल तर कायदा अजून कागदावरच आहे.

आणि हातात भूसंपादनाची नोटीस पडली तर ती कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कलमाने काढली ते पहिल्या परिच्छेदात बघा. २०१३ च्या कायद्याची असेल तर कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना असते आणि त्यावर हरकत घ्यायला प्रसिद्धीपासून ६० दिवस मिळतात. एमआयडीसीच्या कायद्याची असेल तर कलम ३२ चा उल्लेख असतो आणि हरकतीची मुदत नोटिशीतच दिलेली असते. ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि हरकत लेखी देऊन पोच घ्या.